चालतंय म्हणून चालू द्यायचं?

M मालिकेतली चिप असलेला मॅक तुमच्याकडे असेल, तर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा आणि CPU हा भाग निवडा. सुरू असलेल्या प्रोग्रामांची लांबलचक यादी दिसेल. त्यात Kind नावाचा एक रकाना असतो. दिसत नसेल तर View मेनूतल्या Columns मधून तो आणता येतो. बहुतेक ओळींपुढे Apple लिहिलेलं असेल. पण जुन्या मॅकवरचा सगळा पसारा नव्यावर जसाच्या तसा हलवलेला असेल, तर मधेच दोन-चार ओळींपुढे Intel दिसण्याची शक्यता बरीच आहे. यंत्रात इंटेलचा प्रोसेसर नाही, तरी इंटेलसाठी बांधलेले प्रोग्राम निवांत चाललेत आणि मालकाला त्याचा पत्ता नाही.

हे घडतं ते रोझेटा 2 या सोयीमुळे. अ‍ॅपलने जून 2020 मध्ये इंटेल सोडून स्वतःच्या चिपवर जाण्याची घोषणा केली आणि नोव्हेंबरमध्ये M1 चिपचे पहिले मॅक बाजारात आले. इंटेलचे प्रोसेसर x86 घराण्यातले आणि अ‍ॅपलच्या चिप एआरएम घराण्यातल्या. एकाला कळणाऱ्या सूचना दुसऱ्याला अजिबात कळत नाहीत. त्या दिवशी जगातलं मॅकचं जवळपास सगळं सॉफ्टवेअर इंटेलच्या सूचनांमध्ये बांधलेलं होतं. ते नव्या यंत्रावर चाललं नसतं तर M1 विकत घेतला कुणी असता? म्हणून सूचनांचं भाषांतर करणारा थर यंत्रणेतच बसवला गेला. अ‍ॅपलला हा खेळ नवा नव्हता. 1994 मध्ये मोटोरोलाच्या 68के प्रोसेसरांवरून पॉवरपीसीवर जाताना एक नक्कलकार होता, आणि 2006 मध्ये पॉवरपीसीवरून इंटेलवर जाताना पहिली रोझेटा होती.

नवी रोझेटा मात्र पहिलीपेक्षा वेगळ्या पद्धतीने काम करते आणि तिच्या वेगाचं अर्धं रहस्य तिथेच आहे. जुन्या रोझेटाचं काम सभेतल्या दुभाष्यासारखं होतं: वक्ता बोलत जाईल तसं हा सांगत जाणार. रोझेटा 2 अख्खं पुस्तक आधीच भाषांतरित करून कपाटात ठेवते. इंटेलचा प्रोग्राम तुम्ही पहिल्यांदा उघडता तेव्हा ती त्याची पूर्ण फाइल वाचते, एआरएमच्या सूचनांमध्ये तिची प्रत तयार करते आणि ती `/var/db/oah` या फोल्डरात जपून ठेवते. पहिल्या वेळी चिन्ह डॉकमध्ये नेहमीपेक्षा जास्त उड्या मारतं ते यामुळे. दुसऱ्या वेळेपासून तयार प्रत उचलली जाते आणि प्रोग्राम चटकन उघडतो. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की जुनी प्रत निरुपयोगी ठरते आणि पुन्हा पहिलं पान. महिन्यातून एकदा एखादं अ‍ॅप उगाच रेंगाळत उघडतं आणि मग आठवडाभर ठीक चालतं, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

हे भाषांतर दिसतं कसं, ते एका सूचनेपुरतं जवळून पाहू. इंटेलच्या प्रोसेसरला एकाच सूचनेत सांगता येतं: मेमरीतल्या अमुक जागेवरचा आकडा घे, त्यात हा आकडा मिळव आणि बेरीज तिथेच ठेव.

```
add [rbx], rax
```

एआरएममध्ये मेमरीतल्या आकड्यावर थेट गणित करता येत नाही. आधी तो आत आणायचा, मग बेरीज, मग परत ठेवायचा. एकाच्या तीन सूचना होतात, साधारण अशा:

```
ldr  x9, [x3]
adds x9, x9, x0
str  x9, [x3]
```

`rax` म्हणजे आकडा हातात धरून ठेवण्याची प्रोसेसरमधली जागा, रजिस्टर. इंटेलकडे अशी साधी रजिस्टरं 16, तर एआरएमकडे 31. त्यामुळे इंटेलच्या प्रत्येक रजिस्टरला नव्या चिपवर कायमचं घर देऊनही भाषांतरकाराच्या हाताशी मोकळ्या जागा उरतात. वरच्या `x9` चं काम तेच. दिशा उलटी असती, एआरएमवरून इंटेलकडे यायचं असतं, तर या जागांसाठी सतत ओढाताण झाली असती.

एकाच्या तीन सूचना म्हणजे वेग एकतृतीयांश, असा हिशेब मात्र लागत नाही. नवी चिप एका वेळी अनेक सूचना समांतर रेटते. M1 आला तेव्हाच्या पहिल्या चाचण्यांत भाषांतरित प्रोग्रामांना नेटिव्हच्या, म्हणजे थेट त्या चिपसाठी बांधलेल्या प्रोग्रामांच्या, साधारण तीन-चतुर्थांश वेग मिळत होता. तो वेगही त्या काळातल्या कितीतरी इंटेल मॅकपेक्षा जास्त होता. म्हणूनच लोकांना काही जाणवलं नाही.

रहस्याचा उरलेला अर्धा भाग सॉफ्टवेअरमध्ये नाही, चिपमध्ये आहे. मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार भाग वाटतो, त्यामुळे जरा थांबून सांगतो. आजचा कोणताही मोठा प्रोग्राम एकाच वेळी अनेक कोअरवर चालतो. समजा, एक कोअर मेमरीत निकाल लिहितो आणि मग शेजारच्या जागेत ‘तयार’ अशी खूण करतो. दुसरा कोअर खुणेवर डोळा ठेवून असतो. खूण दिसली की तो निकाल उचलतो. इंटेलच्या प्रोसेसरवर इतर कोअरना हे दोन्ही बदल लिहिले त्याच क्रमाने दिसतील याची हमी असते. एआरएममध्ये ही हमी नसते. वेगासाठी चिप क्रम बदलू शकते, आणि क्रम महत्त्वाचा असेल तिथे प्रोग्रामने तसं वेगळं सांगावं लागतं. आता इंटेलसाठी बांधलेल्या प्रोग्राममध्ये ते कुठेच सांगितलेलं नसणार, कारण तिथे गरजच नव्हती. नुसतं सूचनेला सूचना असं भाषांतर केलं तर कधीतरी, हजारात एकदा, खूण आधी दिसेल आणि निकाल मागाहून येईल. प्रोग्राम चुकीचं उत्तर देईल किंवा कोसळेल, आणि तीच चूक पुन्हा करून दाखव म्हटलं तर दाखवणार नाही. प्रत्येक वाचन-लेखनापाशी पहारेकरी सूचना बसवून हे टाळता येतं, पण मग वेगाचं भरीत होतं. अ‍ॅपलने चिपमध्येच एक कळ ठेवली. भाषांतरित प्रोग्राम चालत असला की तो कोअर इंटेलच्या शिस्तीने वागतो. नेटिव्ह प्रोग्राम आला की पुन्हा आपल्या मोकळ्या शिस्तीवर येतो. चिप आणि भाषांतरकार एकाच घरात तयार होत असल्याचा हा फायदा.

इतकं सगळं छान असेल तर नेटिव्हचा आग्रह कशाला? कारण भाषांतराची किंमत सगळीकडे सारखी पडत नाही. काही जागी ती नगण्य असते आणि काही जागी डोळ्यांत भरते.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे ब्राउझर, आणि पोटात ब्राउझरचं इंजिन घेऊन फिरणारी अ‍ॅप्स. कार्यालयीन गप्पांची, नोंदी ठेवण्याची, कोड लिहिण्याची अनेक अ‍ॅप्स याच जातीची असतात. ब्राउझर वेबपानातली जावास्क्रिप्ट तिथल्या तिथे प्रोसेसरच्या सूचनांमध्ये बदलत असतो. इंटेलसाठी बांधलेला ब्राउझर अर्थातच इंटेलच्या सूचना तयार करणार. त्या आत्ता, या क्षणी जन्मलेल्या असतात. कपाटातल्या तयार प्रतीत त्या कुठून असणार? मग रोझेटाला त्यांचं भाषांतर चालू कामातच करावं लागतं. म्हणजे जावास्क्रिप्टचं इंटेल आणि इंटेलचं एआरएम, असं दुहेरी काम प्रत्येक पानागणिक होतं. पंखा असलेल्या मॅकवर तो घोंघावतो, नसलेल्यावर मांडी तापते आणि बॅटरी लवकर उतरते. तुमच्या यादीत एकच Intel ओळ दुरुस्त करायची असेल तर आधी ही करा.

दुसरी जागा म्हणजे व्हिडिओ, ध्वनी आणि आकडेमोड यांचं अवजड काम. असे प्रोग्राम एकाच सूचनेत आठ-आठ आकड्यांवर काम करणाऱ्या खास सूचना वापरतात. इंटेलकडच्या AVX आणि AVX2 या सूचना रोझेटाला सुरुवातीची चार वर्षं कळतच नव्हत्या. 2024 च्या मॅकओएस 15 सिक्वोयामध्ये त्यांची सोय झाली. त्याआधीच्या यंत्रणेवर चांगला वागणारा प्रोग्राम या सूचना नाहीत हे तपासून जुन्या, हळू वाटेने जातो. न तपासणारा मात्र त्या सूचनेपाशी येताच बंद पडतो. याउलट ज्या प्रोग्रामचं बरंचसं काम ग्राफिक्स विभाग करतो, त्याला भाषांतराचा फारसा फटका बसत नाही. तो विभाग चालवणारं सॉफ्टवेअर नेटिव्हच असतं.

तिसरी जागा वेगाची नाही, संगतीची आहे. एका चालू प्रोग्रामच्या आत इंटेल आणि अ‍ॅपल अशा दोन्ही प्रकारच्या सूचना एकत्र नांदू शकत नाहीत. एक तर सगळं भाषांतरित, नाहीतर सगळं नेटिव्ह. आता फोटो किंवा ध्वनी-संपादनाचा प्रोग्राम घ्या. तुम्ही मोठ्या उत्साहाने त्याची नेटिव्ह आवृत्ती बसवता आणि उघडल्यावर मेनूतून तुमचं आवडतं प्लग-इन गायब! ते मोडलेलं नाही. ते फक्त इंटेलसाठी बांधलेलं आहे आणि नेटिव्ह प्रोग्राम त्याला आत घेऊ शकत नाही. काही प्रोग्राम अशी प्लग-इन वेगळ्या खोलीत चालवून मार्ग काढतात, पण सगळे नाही. यावर तात्पुरती सोय आहे. हल्लीची बहुतेक अ‍ॅप्स युनिव्हर्सल असतात, म्हणजे एकाच पुडक्यात दोन्ही बांधण्या. अशा अ‍ॅपचं चिन्ह निवडून Get Info उघडलं की Open using Rosetta अशी खुणेची चौकट दिसते. तिथे खूण केली की अ‍ॅप मुद्दाम इंटेलच्या रूपात उघडतं आणि प्लग-इन परत येतं.

ही चौकट मोठी उपयोगी आणि तितकीच घातक. घातक अशासाठी की खूण केल्याचं पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही. एक नमुना पूर्ण पाहू. कमांडची भीती वाटत असेल तर त्या सोडून नुसती गोष्ट वाचली तरी चालेल.

लग्नसमारंभांचे व्हिडिओ करणारा एखादा संपादक इंटेलच्या मॅकबुकवरून M2 वर येतो. सगळा पसारा मायग्रेशन असिस्टंटने उचलून आणतो. व्हिडिओ लहान करण्यासाठी तो टर्मिनलमधून `ffmpeg` वापरतो आणि ते त्याने होमब्रू नावाच्या साधनातून बसवलेलं असतं. इंटेलच्या मॅकवर होमब्रू `/usr/local` मध्ये राहतं आणि ते तसंच नव्या मॅकवर येतं. `ffmpeg` चालतं. रोझेटा आहेच. काही दिवसांनी तो होमब्रूतून आणखी एक साधन बसवायला जातो तेव्हा उत्तर येतं:

```
Error: Cannot install in Homebrew on ARM processor in Intel default prefix (/usr/local)!
```

तो शोधाशोध करतो आणि त्याला 2020-21 च्या हिवाळ्यातला सल्ला सापडतो: टर्मिनलच्या Get Info मध्ये जाऊन Open using Rosetta वर खूण करा. होमब्रूची अ‍ॅपल चिपसाठीची अधिकृत सोय फेब्रुवारी 2021 मध्ये आली, त्याआधी हा सल्ला ठीकच होता. आज तो खड्ड्यात नेणारा आहे. खूण केली की त्रुटी जाते आणि संपादक खूश होतो. पण आता त्याचं टर्मिनलच इंटेलच्या रूपात उघडतं, आणि तिथून सुरू होणारी युनिव्हर्सल साधनंसुद्धा तेच रूप घेतात. नवं काहीही बसवलं तरी ते इंटेलचंच येतं. व्हिडिओ लहान करायला लागणारा वेळ त्याला जास्त वाटतो, पण तुलना करायला दुसरा M2 हाताशी नसतो.

रोग ओळखायला दोन ओळी पुरतात. पहिलीचं उत्तर 1 आलं तर टर्मिनल भाषांतरित आहे, 0 आलं तर नेटिव्ह. दुसरी सांगते की `ffmpeg` ची फाइल कोणत्या प्रोसेसरसाठी बांधलेली आहे: `x86_64` म्हणजे इंटेल, `arm64` म्हणजे अ‍ॅपल.

```
sysctl -n sysctl.proc_translated
lipo -archs $(which ffmpeg)
```

संपादकाला उत्तरं मिळतात 1 आणि `x86_64`. उपाय सरळ आहे, फक्त क्रम पाळायचा. आधी जुन्या होमब्रूतून काय काय बसवलं होतं त्याची यादी फाइलमध्ये काढून ठेवायची:

```
arch -x86_64 /usr/local/bin/brew bundle dump --file=~/Brewfile
```

मग टर्मिनल पूर्ण बंद करून ती खूण काढायची, पुन्हा उघडायचं आणि पहिल्या ओळीचं उत्तर 0 येतंय याची खात्री करायची. आता होमब्रू नव्याने बसवलं की ते आपसूक `/opt/homebrew` मध्ये जातं. त्याने शेवटी सांगितलेल्या ओळी सेटिंगच्या फाइलमध्ये घालायच्या आणि जुन्या यादीतून सगळं परत बसवायचं:

```
/opt/homebrew/bin/brew bundle --file=~/Brewfile
```

इथे हमखास फसवणारी एक गोष्ट आहे. नवं `ffmpeg` बसलं तरी जुनं `/usr/local/bin` मध्ये असतंच, आणि सेटिंगमध्ये ती जागा आधी लिहिलेली असेल तर टर्मिनल जुन्यालाच हाक मारतं. म्हणून नवी खिडकी उघडून `which ffmpeg` विचारायचं. उत्तर `/opt/homebrew/bin/ffmpeg` असं आलं पाहिजे. ते आलं, `lipo` ने `arm64` म्हटलं, दोन-तीन व्हिडिओ नीट निघाले, की मगच जुनं होमब्रू काढून टाकायचं.

टर्मिनलच्या वाटेला न जाणाऱ्यांसाठी गोष्ट याहून सोपी आहे. सिस्टिम इन्फर्मेशन उघडून Applications या भागात गेलं की बसवलेल्या सगळ्या अ‍ॅप्सची यादी येते आणि तिथेही Kind असतं. Intel असलेली ओळ दिसली की त्या अ‍ॅपच्या मूळ जागी जाऊन नवी आवृत्ती पाहायची. कित्येकदा ती वर्षानुवर्षं तयार पडलेली असते. काही ठिकाणी उतरवून घेताना इंटेल आणि अ‍ॅपल अशी दोन वेगळी बटणं असतात आणि घाईत पहिलं दाबलं जातं. एक खुलासा मात्र हवा: बसवताना यंत्रणेने रोझेटा मागितली म्हणून अ‍ॅप इंटेलचंच असेल असं नाही. काही वेळा अ‍ॅप नेटिव्ह असतं आणि त्याचं बसवणीचं पुडकं तेवढं जुन्या पद्धतीचं असतं. निवाडा Kind रकान्यावर करायचा.

आजवर हा सगळा थोड्या वेगाचा आणि बॅटरीचा प्रश्न होता. आता त्याला मुदत लागली आहे. जून 2025 मध्ये अ‍ॅपलने जाहीर केलं की मॅकओएस 26 टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची यंत्रणा. रोझेटा मॅकओएस 27 पर्यंत पूर्ण रूपात राहील. त्यापुढे तिचा फक्त एक तुकडा ठेवला जाईल, तोही ज्यांची देखभाल आता कुणी करत नाही अशा जुन्या खेळांसाठी. दरवर्षी एक यंत्रणा हा क्रम पाहता मॅकओएस 28 म्हणजे 2027 चा उत्तरार्ध. पहिली रोझेटाही अशीच गेली होती. 2006 मध्ये आली आणि 2011 च्या लायनमध्ये काढून टाकली गेली. पॉवरपीसीच्या प्रोग्रामांवर धंदा चालणाऱ्या अनेकांनी तेव्हा पुढची यंत्रणा घेणंच टाळलं होतं.

ज्यांची नेटिव्ह आवृत्ती आहे त्यांची चिंता नाही. अडचण उरते ती निर्मात्याने सोडून दिलेल्या गोष्टींची: बंद पडलेल्या कंपनीचं प्लग-इन, दहा वर्षांपूर्वीच्या प्रिंटरचं किंवा स्कॅनरचं सॉफ्टवेअर, एकदाच पैसे भरून घेतलेला आणि पुढे मासिक वर्गणीवर गेलेला एखादा प्रोग्राम. यातल्या फाइली आज उघडतात तोवरच दुसऱ्या, सगळीकडे वाचता येणाऱ्या स्वरूपात काढून ठेवायला हव्यात. ध्वनीचे तुकडे असतील तर प्लग-इनचा परिणाम पक्का करून साध्या फाइलमध्ये, मांडणी असेल तर निदान पीडीएफमध्ये. प्रिंटर-स्कॅनरच्या बाबतीत आधी मॅकच्या स्वतःच्या प्रिंट आणि स्कॅनच्या सोयीतून तो चालतो का ते पाहावं. बरेचसे चालतात आणि निर्मात्याच्या सॉफ्टवेअरची गरजच उरत नाही. यातलं काहीच जमलं नाही तर एक मॅक मॅकओएस 27 वरच ठेवून द्यायचा, त्यावर आपोआप येणाऱ्या मोठ्या अपडेट बंद करायच्या, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या की त्याचं इंटरनेटही काढून घ्यायचं.